शहरातली धूळ, वाहनांचा धूर आणि अँटिऑक्सिडंट सीरम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटिऑक्सिडंट सीरम लावल्याने प्रदूषणापासून त्वचेचं रक्षण होतं का?

काही प्रमाणात होतं. चांगलं बनवलेलं, ताजं आणि सकाळी सनस्क्रीनच्या आधी लावलेलं सीरम धुरामुळे आणि ओझोनमुळे त्वचेत होणाऱ्या रासायनिक हानीचा थोडा भाग अडवतं. पण चेहऱ्यावर बसलेली काजळी ते काढत नाही आणि नवी बसण्यापासून रोखतही नाही. दिवसभरात साचलेला थर संध्याकाळी नीट धुतला नाही, तर सीरम कितीही चांगलं असलं तरी मूळ कारण रात्रभर त्वचेवर तसंच राहतं. एकाच गोष्टीसाठी वेळ किंवा पैसा असेल तर तो सौम्य क्लेन्झरवर आणि दिवसाच्या सनस्क्रीनवर खर्च करा. सीरमचा विचार त्यानंतर.

धूळ आणि धूर त्वचेचं नेमकं काय बिघडवतात?

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्याची भरड धूळ, म्हणजे माती, सिमेंट, टायरचा घासलेला भुगा, त्वचेला खरखरीत करते, खाज आणते. पण ती पाण्याने बऱ्यापैकी निघते. जास्त त्रासदायक आहे ती वाहनांच्या धुरातली, विशेषतः डिझेलच्या धुरातली बारीक काजळी. पीएम २.५ म्हणतात ते कण २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून त्यांच्या आकाराचा अंदाज येईल.

काजळीचा कण स्पंजासारखा असतो. इंधन अर्धवट जळताना तयार होणारी पीएएच नावाची रसायनं त्याच्या पृष्ठभागावर चिकटलेली असतात. ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात. चेहऱ्यावर तर सेबमचा, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या तेलाचा थर कायमच असतो. कण त्या थरात रुततो आणि रसायनं तेलात उतरतात. तिथून ती वरच्या पेशींपर्यंत पोहोचली की पेशीतला अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर जागा होतो. हा खरं तर बाहेरची रसायनं ओळखून त्यांचा निचरा करण्यासाठीच असतो. पण त्या निचऱ्याच्या प्रक्रियेत फ्री रॅडिकल नावाचे, पेशींवर हल्ला करणारे अस्थिर रेणू तयार होतात, दाह वाढतो, कोलॅजन तोडणारी एन्झाइम वाढतात आणि रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींना चालना मिळते.

ओझोनची तऱ्हा वेगळी. हा वायू आत खोलवर जात नाही, वरच्या थरातच अडतो. तिथलं व्हिटॅमिन ई तो संपवतो आणि सेबममधल्या स्क्वालीनचं ऑक्सिडीकरण करतो. ऑक्सिडाइझ झालेलं स्क्वालीन रोमछिद्रांत गाठी धरायला मदत करतं. प्रदूषित भागात राहणाऱ्यांना 'पूर्वी नव्हत्या त्या पुळ्या' येण्यामागे हे एक कारण असू शकतं. मेक्सिको सिटी आणि तुलनेने स्वच्छ हवेच्या कुएर्नावाका इथल्या लोकांची त्वचा ताडून पाहिली, तेव्हा प्रदूषित शहरातल्यांच्या त्वचेत तेल जास्त सुटत होतं, पण त्या तेलात व्हिटॅमिन ई आणि स्क्वालीन कमी होतं.

म्हणजे प्रदूषणामुळे डाग पडतात हे सिद्ध झालंय?

ठाम संबंध दिसला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ७० ते ८० वयाच्या ४०० स्त्रियांची त्वचा तपासली गेली. वाहनांचे कण आणि काजळी जिथं जास्त, तिथं राहणाऱ्यांच्या कपाळावर आणि गालांवर सुमारे २० टक्के जास्त रंगद्रव्याचे डाग आढळले. हा अनेक वर्षांच्या वास्तव्याचा परिणाम आहे, एका आठवड्याच्या रहदारीचा नाही. सूर्यप्रकाशाचा वाटा तर याहून खूप मोठा असतो. शिवाय पीएएच त्वचेवर असताना ऊन लागलं तर दोन्ही मिळून होणारी हानी वेगवेगळ्या हानीच्या बेरजेपेक्षा जास्त असते. कारण ही रसायनं यूव्हीए किरण शोषून आणखी फ्री रॅडिकल तयार करतात. म्हणून प्रदूषणाविरुद्धच्या उपायांत सनस्क्रीन मोजायलाच हवं.

धुळीचे कण रोमछिद्रांतून आत शिरतात, असं जाहिरातीत सांगतात. ते खरं का?

निरोगी, अखंड त्वचेत कण सहसा खोल जात नाहीत. ते सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरावर आणि रोमछिद्रांच्या तोंडाशी राहतात. आत जातात ती त्यांच्यावरची तेलात विरघळणारी रसायनं. मात्र वरचा थर खरवडला गेला असेल, घासून, सोलून किंवा इसबामुळे फाटला असेल, तर कणही आत उतरू शकतात.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराला तो लागू होतो. स्वच्छतेच्या नावाखाली त्वचेचा वरचा थर खराब केला तर प्रदूषणासाठी दार आपणच उघडतो.

मग सीरमचं काम काय?

फ्री रॅडिकल पेशीतल्या चरबीवर, प्रथिनांवर हल्ला करण्याआधी त्यांना शांत करणं, एवढंच. व्हिटॅमिन सी पाण्याच्या भागात हे काम करतं आणि व्हिटॅमिन ई तेलाच्या भागात. व्हिटॅमिन ई खर्ची पडलं की व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा कामाला लावतं, म्हणून ही जोडी एकत्र दिली जाते. फेरुलिक ॲसिड दोघांनाही टिकवून धरतं. डुकराच्या त्वचेवरच्या प्रयोगांत १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या मिश्रणाने उन्हापासूनचं संरक्षण सुमारे चौपट झालं आणि त्यात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातल्यावर सुमारे आठपट.

हे आकडे उन्हाचे आहेत, धुराचे नाहीत. विक्रीच्या मजकुरात ते बिनदिक्कत प्रदूषणाच्या नावावर खपवले जातात. ओझोन आणि डिझेलच्या धुरावरही प्रयोग झाले आहेत आणि तिथंही अशा मिश्रणाने हानीच्या खुणा कमी झाल्या. पण ते प्रयोग थोड्या लोकांवर किंवा प्रयोगशाळेत ठेवलेल्या त्वचेच्या तुकड्यांवर, थोडे दिवस झालेले आहेत. त्यांत मोजलं गेलं ते पेशींतल्या रासायनिक खुणांचं प्रमाण. दहा वर्षांनी चेहऱ्यावर किती डाग पडले, हे त्यांत मोजलेलं नाही. आमच्या मते सीरमकडून एवढीच अपेक्षा ठेवावी: हानीचा वेग थोडा कमी होईल.

बाटलीवर काय वाचायचं?

शुद्ध व्हिटॅमिन सी हवं असेल तर घटकांच्या यादीत एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड वरच्या काही नावांत असावं. १० ते २० टक्के ही कामाची मर्यादा. २० टक्क्यांच्या वर गेल्याने त्वचेत जास्त शिरत नाही, चुरचुर मात्र वाढते. हे द्रव्य त्वचेत उतरायला द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली लागतो, म्हणून लावल्यावर अर्धा-एक मिनिट हलकं झोंबणं स्वाभाविक आहे. पाच मिनिटांनंतरही आग होत असेल किंवा लालसर चट्टा राहत असेल, तर ते तुमच्या त्वचेला मानवत नाही. टक्केवारी कमी करा किंवा दुसरं द्रव्य निवडा.

नाजूक त्वचेसाठी ४ ते ५ टक्के नियासिनामाइड हा आमचा पहिला पर्याय. ते फार मोठं अँटिऑक्सिडंट नाही. पण त्वचेचा वरचा थर ते मजबूत करतं, डाग थोडे उजळतात, प्रकाशाने आणि हवेने ते सहजासहजी खराबही होत नाही. प्रदूषणाच्या संदर्भात मजबूत वरचा थर हाही मोठाच फायदा आहे.

बाटली गडद रंगाची आणि घट्ट बंद होणारी हवी. पारदर्शक काचेतलं, ड्रॉपरचं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड घेऊ नये.

किती लावायचं? आणि सीरम तपकिरी झालं तर?

पूर्ण चेहऱ्याला पाच-सहा थेंब आणि मानेला दोन-तीन. सकाळी चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर तळहाताऐवजी बोटांनी पसरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन.

इथं काटकसर उलटी पडते. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलि. रोज तीनच थेंब वापरले तर ३० मिलिची बाटली २०० दिवस पुरेल. पण उघडलेलं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड तीन महिन्यांच्या आसपासच धड राहतं, म्हणजे अर्ध्याहून अधिक बाटली वाया जाते आणि चेहऱ्यालाही पुरेसं मिळत नाही. आठ थेंबांनी तीच बाटली ७५ दिवसांत संपते.

द्रावण बिनरंगी किंवा फिकट पिवळं असेपर्यंत ठीक. गडद पिवळं झालं की ताकद उतरायला लागली आहे. नारिंगी-तपकिरी झालं की टाकून द्या. त्यात मूळ द्रव्य थोडंच उरलेलं असतं आणि विघटनातून आलेले पदार्थ त्वचेवर, उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पाडतात. बाथरूमच्या फळीवर, जिथं रोज वाफ होते, तिथं बाटली ठेवू नका.

संध्याकाळी चेहरा धुणं सीरमपेक्षा जास्त महत्त्वाचं असं का म्हणता?

कारण सीरम परिणामावर काम करतं आणि धुणं कारणावर. पीएएच तेलाच्या थरात जितके तास राहतील तितकी ती आत झिरपत राहतात. सकाळी नऊला घराबाहेर पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर संध्याकाळी सातला दहा तासांचा थर असतो. तो तसाच घेऊन झोपलं की त्यात आणखी आठ-नऊ तासांची भर पडते. संध्याकाळी धुतल्याने हा संपर्काचा काळ जवळपास निम्म्यावर येतो. कुठलंही सीरम त्वचेवर असलेलं द्रव्य कमी करत नाही.

दुसरं कारण, फ्री रॅडिकल हा हानीचा एकच मार्ग आहे. रिसेप्टर जागा होऊन जे बाकीचे बदल होतात, छिद्रांच्या तोंडाशी जो गोळा बसतो, धुळीने जी खाज येते, त्यांतलं बरंचसं अँटिऑक्सिडंटच्या आवाक्याबाहेर आहे. थर काढला की या सगळ्याचं मूळ एकदमच कमी होतं.

तिसरं, रात्री लावायची क्रीम किंवा रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए गटातलं द्रव्य, त्या थरावरून लावलं तर ते असमान बसतं आणि चोळताना काजळी पुन्हा चेहरभर पसरते.

नुसत्या पाण्याने धुतलं तर चालेल का?

दिवसभर घरात होता, सनस्क्रीन लावलं नव्हतं, त्वचा कोरडी आहे, तर चालेल. रहदारीतून आला असाल तर नाही. पाणी माती आणि घाम घेऊन जातं, पण तेलात बसलेली काजळी आणि पीएएच जागेवरच राहतात. ती सोडवायला सर्फॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी दोन्ही धरणारा घटक लागतो.

साध्या साबणात तो असतोच, पण साबणाचा पीएच ९ ते १० असतो, तर त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी. शिवाय जड पाण्यात साबणाची पांढरी साय होते आणि ती चेहऱ्यावर चिकटून राहते. सौम्य सिंडेट, म्हणजे साबणाऐवजी दुसरे सर्फॅक्टंट वापरून बनवलेला फेसवॉश, ज्याचा पीएच ५ ते ६ असतो, तो जड पाण्यातही असा थर सोडत नाही. खूप फेस येणं म्हणजे खूप स्वच्छ होणं नव्हे.

घरी आल्याबरोबर धुवायचं की झोपण्यापूर्वी?

घरी आल्याबरोबर. आपलं सगळं गणित संपर्काच्या तासांचं आहे, त्यामुळे सातला धुणं आणि अकराला धुणं यांत चार तासांचा फरक पडतो. शिवाय अकरा वाजता थकलेला माणूस दहा सेकंदांत उरकतो किंवा टाळतो. सातला नीट धुतल्यावर झोपताना पुन्हा फेसवॉश लागत नाही. संध्याकाळी व्यायाम केलात किंवा स्वयंपाकघरात धूर झाला, तर पाण्याने खळखळून धुवा, पुरे.

नेमकं कसं धुवायचं?

आधी हात. रस्त्यावरून आलेल्या हातांवरची घाण चेहऱ्यापेक्षा जास्त असते, आणि त्याच हातांनी चेहरा चोळला तर अर्धं काम उलटं होतं. हात साबणाने धुवा, केस मागे बांधा.

चेहरा कोमट पाण्याने ओला करा. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी ना गरम ना गार वाटलं पाहिजे. गरम पाणी सेबमबरोबर त्वचेतले संरक्षक लिपिडही सैल करतं, आणि बर्फासारख्या पाण्यात तेल सुटत नाही. मग बोटाच्या एका पेराएवढी जेलची पट्टी, साधारण १ मिलि, ओल्या तळहातांवर आधी पसरवून घ्या. जेल थेट गालावर टेकवलं तर तिथं ते तीव्र राहतं आणि बाकीच्या भागाला पुरत नाही.

सुरुवात कपाळ, नाक आणि हनुवटीपासून करा, कारण तेल आणि काजळी तिथं सगळ्यांत जास्त असते. गाल आणि डोळ्यांभोवतीचा भाग शेवटी, शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत. बोटांच्या पेरांनी हलकी वर्तुळं करत एकूण ४५ ते ६० सेकंद. बहुतेक जण दहा-बारा सेकंदांतच पाणी मारतात. तेवढ्यात सर्फॅक्टंटला तेल सोडवायला वेळच मिळत नाही, मग 'फेसवॉश चालत नाही' म्हणून अधिक कडक फेसवॉश आणला जातो. बदलायला हवा तो वेळ, उत्पादन नाही. उलट दोन-तीन मिनिटं चोळत राहणंही चूकच.

आता खळखळून धुणं. ओंजळभर पाणी किमान दहा वेळा. नाकपुड्यांच्या कडा, केसांची रेषा, जबड्याखाली आणि कानांपुढचा भाग, या जागा हमखास सुटतात. जबड्याच्या कडेला आणि कपाळावर केसांलगत सारख्या बारीक पुळ्या येत असतील, तर आधी इथं राहणाऱ्या फेसवॉशवर संशय घ्या.

स्वच्छ टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका. त्वचा किंचित दमट असतानाच, एक-दोन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. रेटिनॉइड लावणार असाल तर मात्र त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या.

डबल क्लेन्झिंग, म्हणजे आधी तेल-क्लेन्झर आणि मग फेसवॉश, रोज करावं का?

वॉटरप्रूफ सनस्क्रीन किंवा मेकअप असेल त्या दिवशी करा. साधं सनस्क्रीन असेल तर नीट एक मिनिट केलेलं एकदाचं धुणं पुरतं.

तेल-क्लेन्झर वापरताना एक चूक सर्रास होते: ते ओल्या चेहऱ्यावर लावलं जातं. पाणी मध्ये आलं की तेल काजळीपर्यंत पोहोचण्याआधीच पांढरं पडतं आणि त्याची पकड जाते. कोरडे हात, कोरडा चेहरा, साधारण २ मिलि तेल, ४५ सेकंद. मग बोटं थोडी ओली करून पुन्हा १५-२० सेकंद फिरवा, तेल दुधासारखं पांढरं होईल. हा टप्पा गाळला तर धुतल्यावरही चिकट थर राहतो. पांढरं झाल्यावर धुवा आणि त्यानंतर जेल निम्म्याच प्रमाणात, निम्म्याच वेळासाठी. स्वयंपाकातलं किंवा केसांचं तेल या कामाला येत नाही, कारण पाण्यात मिसळून निघून जाण्यासाठी लागणारा घटक त्यात नसतो.

रोज दोनदा धुऊन, स्क्रब करून, व्हिटॅमिन सी लावूनही पुळ्या आणि जळजळ का होते?

ही तक्रार इतक्यांदा येते की एक नमुना घेऊन तिची फोड करू. रोज जाऊन-येऊन दोन तास स्कूटरवर असलेली, टी-झोन, म्हणजे कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे असलेली व्यक्ती. सकाळी फेस येणारा कडक फेसवॉश, २० टक्के व्हिटॅमिन सी, घाईत लावलेलं थोडं सनस्क्रीन. दुपारी दोनदा वाइप. रात्री अकराला पुन्हा तोच फेसवॉश, एक दिवसाआड दाणेदार स्क्रब. महिन्याभरात गाल लाल, मॉइश्चरायझरही झोंबतं, हनुवटीवर पुळ्या आणि चेहरा दुपारपर्यंत चमकतो.

ही त्वचा अस्वच्छ नाही, तिचा वरचा थर झिजलेला आहे. कडक फेसवॉश, वाइप आणि स्क्रब मिळून तो खरवडला गेला. म्हणूनच कमी पीएचचं सीरम आता आग करतं आणि रस्त्यावरची रसायनं जास्त आत जातात.

आधी दोन ते तीन आठवडे स्क्रब, वाइप आणि सीरम पूर्ण बंद. सकाळी फक्त पाणी. संध्याकाळी घरी आल्याबरोबर सौम्य सिंडेट जेल, आधी टी-झोन, गाल शेवटी, एकूण ४५ सेकंद. दिवसातून दोनदा सुगंधरहित मॉइश्चरायझर. सनस्क्रीन चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं. जळजळ पहिल्या आठवड्याभरात उतरायला लागते. लाली जायला तीन-चार आठवडे लागतात, कारण वरचा थर नव्याने तयार व्हायला तेवढा काळ जातो. मॉइश्चरायझर अजिबात झोंबेनासं झालं की मगच ५ टक्के नियासिनामाइड सुरू करा. ते महिनाभर मानवलं, तर १० टक्के व्हिटॅमिन सी एक दिवसाआड. पुळ्या सहा-आठ आठवड्यांनंतरही तशाच असतील, तर तो मुरुमांचा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञांचं औषध लागेल.

जास्त धुतलं जातंय हे कसं ओळखायचं?

धुतल्यावर काहीही न लावता दहा मिनिटं थांबा. चेहरा ओढल्यासारखा वाटला, हसताना गाल ताणले, तर क्लेन्झर कडक आहे किंवा वेळ जास्त झाला. बोट फिरवल्यावर 'करकर' वाजणारी त्वचा स्वच्छतेची खूण नाही, लिपिड निघून गेल्याची आहे.

कापसावर मळ दिसतो, म्हणजे धुणं कमी पडलं का?

नेहमीच नाही. धुतल्यावर मायसेलर वॉटरचा, म्हणजे सौम्य सर्फॅक्टंट मिसळलेल्या पाण्याचा कापूस फिरवला की त्यावर मृत पेशी आणि टिंटेड सनस्क्रीनमधलं लोहऑक्साइडही येतं. कापूस जोरात घासला तर रोजच काहीतरी येईल. करड्या-काळ्या रेघा नाकाच्या कडेला किंवा केसांच्या रेषेत सलग दिसल्या, तर तेवढी जागा पुढच्या वेळी नीट धुवा. सगळा चेहरा पुन्हा धुवायची गरज नाही.

वाइप, मायसेलर वॉटर, चारकोल फेसवॉश, फिरता ब्रश, यांचं काय?

वाइप मळ उचलतं त्याहून जास्त पसरवतं आणि त्यातला सर्फॅक्टंट चेहऱ्यावरच राहतो. प्रवासात नाइलाज असेल तरच, आणि नंतर पाण्याने धुवा. मायसेलर वॉटर चांगलं आहे, पण बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, तेही धुऊन टाका. चारकोलचा मिनिटभराच्या फेसवॉशमध्ये वेगळा उपयोग नाही. साफ करतो तो त्यातला सर्फॅक्टंटच. ब्रश आणि दाणेदार स्क्रब रोजच्या धुण्यासाठी नकोत.

दुपारी मध्येच चेहरा धुवावा का?

फेसवॉशने नको. तेल ब्लॉटिंग पेपरने टिपा, फारच धूळ बसली असेल तर पाण्याने धुऊन सनस्क्रीन पुन्हा लावा. चेहऱ्यावर मारायचे फवारे काहीच काढत नाहीत.

'अँटी-पोल्युशन' लिहिलेलं उत्पादन वेगळं असतं का?

सनस्क्रीनला एसपीएफ आहे तसं प्रदूषणासाठी सर्वमान्य मोजमाप नाही. त्यामुळे या शब्दामागे काय आहे ते घटकांवरूनच कळतं. काहींत व्हिटॅमिन सी किंवा नियासिनामाइड असतं, काहींत कण कमी चिकटावेत म्हणून पातळ पापुद्रा करणारी बहुशर्करा. या पापुद्र्याची कल्पना योग्य आहे, पण संध्याकाळी तो धुवावाच लागतो. एरवी काजळी धरून बसलेला पापुद्राच रात्रभर चेहऱ्यावर राहील.

संध्याकाळी सगळं धुऊन टाकल्यावर सकाळचं सीरम वाया जातं का?

नाही. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड एकदा त्वचेत उतरलं की ते धुऊन निघत नाही. डुकराच्या त्वचेवरच्या मोजमापांत रोज लावल्यावर तीन दिवसांत साठा पूर्ण झाला आणि तो निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागले. म्हणून एखादा दिवस सीरम राहिलं तर फारसं बिघडत नाही. संध्याकाळचं धुणं राहिलं, तर मात्र त्या दिवसाचा सगळा थर रात्रभर त्वचेवर राहतो.

दाढी, हेल्मेट आणि स्कार्फचं काय करायचं?

दाढीत कण अडकतात आणि खालची त्वचा धुतलीच जात नाही. फेसवॉश बोटांनी केसांच्या मुळाशी पोहोचवा आणि पाणी खालून वर मारा. चेहऱ्यावर बांधायचा स्कार्फ किंवा रुमाल रोज धुवा. दोन दिवस वापरलेल्या कापडाची काजळी घामाबरोबर गालांवर घासली जाते. हेल्मेटच्या आतलं अस्तर सुटं निघत असेल तर दर आठवड्याला सौम्य साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. ते निघत नसेल तर आत धुतलेली सुती टोपी घाला आणि ती रोज बदला. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा, आणि चेहऱ्याचा टॉवेल वेगळा ठेवून तोही तितक्याच वेळा बदला.